पहिलं पर्सनल लोन घेताय? सही करण्याआधी करारातून या चार गोष्टी शोधून काढा

माझ्या पहिल्या पर्सनल लोनचा पहिलाच हप्ता बाऊन्स झाला होता. माझा पगार व्हायचा सात तारखेला आणि हप्ता कापला जायचा पाच तारखेला. करारात ते स्पष्ट लिहिलेलं होतं, पण मी करार वाचलाच नव्हता. पार्किंगमध्ये गाडीला टेकून ओटीपी टाकला आणि चौतीस पानांवर माझी सही झाली. त्या दोन दिवसांच्या चुकीपायी कर्ज देणाऱ्याने बाऊन्सचे पैसे घेतले, माझ्या पगाराच्या बँकेने वेगळे घेतले.

यंदा माझ्या भाच्याने घराच्या डागडुजीसाठी तीन लाखांचं पर्सनल लोन घ्यायचं ठरवलं. या वेळी सहीच्या आधी आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. त्याचाच करार उदाहरण म्हणून घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. चार प्रश्नांची उत्तरं आम्हाला हवी होती: व्याज नक्की किती, हप्ता कधी आणि किती, कशाकशाला थकबाकीदार धरतील, आणि कर्ज लवकर फेडलं तर काय द्यावं लागेल. ही उत्तरं करारात एका जागी सापडत नाहीत. ती तीन-चार कागदांत विखुरलेली असतात, आणि कधीकधी एक कागद दुसऱ्याशी जुळत नाही.

हाताशी काय हवं

- मंजुरीपत्र, म्हणजे सँक्शन लेटर
- की फॅक्ट स्टेटमेंट, ज्याला बँकेतले लोक केएफएस म्हणतात
- पूर्ण करार, त्याच्या शेवटच्या शेड्यूलसकट
- हप्त्यांचं वेळापत्रक
- नॅच मँडेटचा कागद, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला तुम्ही दिलेली परवानगी
- पगार कोणत्या तारखेला होतो ते दाखवणारं बँक स्टेटमेंट
- एक कोरा कागद, पेन आणि मोबाइलवर चालणारं कोणतंही स्प्रेडशीट

1. आधी केएफएस मागा, करार नंतर उघडा

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर झालेल्या प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने केएफएस सक्तीचं केलं आहे. ठरलेल्या नमुन्यातला तो एक तक्ता असतो. कर्जाची रक्कम, मुदत, हप्ते, व्याजदर, सगळी शुल्कं आणि एपीआर, म्हणजे सगळा खर्च धरून निघणारा वार्षिक दर, हे त्यात ओळीने येतं. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो, म्हणून मराठीत हवा असेल तर बिनधास्त मराठीत मागा. करार बहुतेक वेळा इंग्रजीतच मिळतो.

या तक्त्याचा मोठा आधार असा की जे शुल्क केएफएसमध्ये नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या काळात लावता येत नाही. शिवाय सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जात केएफएस हातात पडल्यापासून विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. "ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे" असा फोन आला तर हे लक्षात ठेवा. भाच्याला तसा फोन आला होता. "केएफएसची मुदत किती आहे?" असं त्याने विचारलं आणि घाई तिथेच थांबली.

केएफएस वाचून झालं की करार उघडा. पीडीएफ असेल तर पानं उलटत बसू नका, शोधायच्या जागेत हे शब्द एकेक करून टाका:

```
rate of interest
due date
event of default
foreclosure
prepayment
sole discretion
```

शेवटचा शब्दप्रयोग मुद्दाम घेतला आहे. "बँकेच्या मर्जीनुसार" असा त्याचा अर्थ. जिथे तो सापडेल तिथे थांबून आजूबाजूचं सगळं कलम वाचा, कारण केएफएसमधला ठरलेला आकडा करारात त्याच जागी सैल होतो.

2. व्याजदर: एजंटचा, करारातला आणि खिशाला लागणारा

भाच्याला एजंटने सांगितलं होतं, "पावणेआठ टक्क्यांच्या आतच बसतंय, महिन्याला शेकडा 64 पैसे." मंजुरीपत्रावर दर होता 14 टक्के. एजंट आकडा खोटा सांगत नव्हता, तो फ्लॅट दर सांगत होता. फ्लॅट दरात तीनही वर्षं व्याज पूर्ण तीन लाखांवर धरतात, जणू तुम्ही मुद्दल फेडतच नाही. घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे रिड्यूसिंग दरात जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज लागतं. तीन लाख, 36 महिने, 14 टक्के रिड्यूसिंग या हिशेबाने हप्ता 10,253 रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे 69,100 रुपये. हेच व्याज तीन वर्षांत आणि तीन लाखांत वाटलं तर वर्षाला 7.68 टक्के दिसतं. पैसे तेवढेच जातात, फक्त दर मोजायची पद्धत बदलते. म्हणून दोन ठिकाणच्या ऑफरची तुलना करताना एक फ्लॅट आणि एक रिड्यूसिंग असं कधीच शेजारी ठेवू नका.

पण 14 टक्के हाही पूर्ण खर्च नव्हता. प्रोसेसिंग फी 2 टक्के, म्हणजे 6,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,080 रुपये आणि विम्याचा हप्ता 4,920 रुपये. हे सगळं आधीच वजा होऊन खात्यात पडणार होते 2,88,000 रुपये. हप्ता मात्र तीन लाखांवरचाच. हा सगळा खर्च एपीआरमध्ये धरला जातो. केएफएसमध्ये तो दिलेला असतोच, तरी स्वतः ताडून पाहा. स्प्रेडशीटमध्ये एका चौकोनात हे लिहा:

```
=RATE(36,-10253,288000)*12
```

पहिला आकडा हप्त्यांची संख्या, दुसरा हप्ता (उणे चिन्हासह), तिसरा हातात पडणारी रक्कम. उत्तर सुमारे 0.169 आलं, म्हणजे 16.9 टक्के. तुमचं उत्तर आणि केएफएसमधला एपीआर यांत पाव टक्क्याहून जास्त फरक दिसला तर एखादं शुल्क धरायचं राहिलं आहे, तुमच्याकडून किंवा त्यांच्याकडून. कोणतं, ते लेखी विचारा.

इथे आम्ही थांबलो ते विम्यावर. भाच्याने विमा मागितलाच नव्हता, अर्जात तो चौकोन आधीच भरून आला होता. विमा ऐच्छिक आहे का असं मेलवर विचारल्यावर तो काढून टाकण्यात आला. हातात पडणारी रक्कम 2,92,920 झाली आणि एपीआर 15.7 वर उतरला. एवढ्या एका मेलने सव्वा टक्का कमी झाला.

दर स्थिर आहे की बदलता, हेही याच टप्प्यात पाहून घ्या. स्थिर असेल तर केएफएसमध्ये तसा शब्द असेल. बदलता असेल तर तो कोणत्या मानकाशी जोडला आहे, किती दिवसांनी बदलतो, आणि बदलल्यावर हप्ता वाढतो की मुदत, या तीन गोष्टी लिहून घ्या. आमचा स्थिर होता. पाचव्या टप्प्यात या शब्दाला फार महत्त्व येणार आहे.

3. वेळापत्रक: पहिली ओळ नीट वाचा

वेळापत्रकात दर महिन्याची एक ओळ असते: तारीख, हप्ता, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, उरलेली शिल्लक. बरोबर आहे की नाही हे पाहायला सगळ्या ओळी तपासायची गरज नाही. तीन लाखांवर 14 टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज 3,500 रुपये. 10,253 मधून ते गेलं की मुद्दलात 6,753 जमा होतात आणि शिल्लक 2,93,247 राहते. दुसऱ्या महिन्याचं व्याज या नव्या शिलकीवर 3,421 यायला हवं. दुसऱ्या ओळीतही व्याज 3,500 च दिसलं तर कर्ज फ्लॅट पद्धतीचं आहे, मंजुरीपत्रावर काहीही लिहिलेलं असो. शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य आहे ना, तेवढं बघा.

आमच्या वेळापत्रकात पहिला हप्ता 10,253 नव्हता, 12,209 होता. भाचा म्हणाला, "मामा, हे छपाईत चुकलंय." चुकलेलं नव्हतं. पैसे मिळणार होते 19 जानेवारीला, हप्त्याची तारीख दर महिन्याची पाच, आणि पहिला हप्ता 5 मार्चला. हप्त्याचा पूर्ण महिना 5 फेब्रुवारीपासून मोजला जातो. त्याआधीच्या 17 दिवसांचं व्याज, 1,956 रुपये, पहिल्या हप्त्यात मिळवलं होतं. याला ब्रोकन पिरियड इंटरेस्ट म्हणतात आणि तो रास्त खर्च आहे, कारण तेवढे दिवस पैसे तुमच्याकडे असतात. अडचण वेगळीच आहे. भाचा खात्यात साडेदहा हजार ठेवणार होता. तेवढ्याने 12,209 चा हप्ता बाऊन्स झाला असता.

हे व्याज पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या दिवसापासूनच लागायला हवं. करारावर सही झाल्याच्या किंवा मंजुरीच्या तारखेपासून व्याज लावणं चूक आहे आणि रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2024 मध्ये तसं स्पष्ट बजावलं आहे. म्हणून खात्यात पैसे पडल्याचा मेसेज जपून ठेवा.

पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख शेजारी लिहा. पगारानंतर किमान तीन दिवसांनी हप्ता असावा, कारण पगार एखाद्या सुट्टीने लांबतोच. तारीख बदलून घ्यायची असेल तर सहीआधी मागा. एकदा मँडेट नोंदवलं गेलं की नवं मँडेट करून घ्यावं लागतं, आणि त्यात महिना सहज जातो.

4. थकबाकी: हप्ता चुकणं हे एकच कारण नसतं

करारातलं हे कलम सगळ्यात लांब आणि वाचायला सगळ्यात कंटाळवाणं असतं. आमच्या करारात कसुरीची अकरा कारणं होती. हप्ता चुकणं हे पहिलं. उरलेल्यांपैकी चार नव्या कर्जदाराच्या लक्षात येत नाहीत: नोकरी किंवा पत्ता बदलून न कळवणं, मँडेट रद्द करणं, अर्जातली माहिती चुकीची निघणं, आणि दुसऱ्या कुठल्याही कर्जात थकबाकी होणं. यातल्या शेवटच्याला क्रॉस डिफॉल्ट म्हणतात. तुमचं क्रेडिट कार्डाचं बिल थकलं, तरी इथले हप्ते वेळेवर चालू असताना हे कर्ज अडचणीत येऊ शकतं.

प्रत्येक कारणापुढे दोन गोष्टी शोधा. नोटीस देतात का, आणि चूक सुधारायला किती दिवस देतात. कारण कलमाच्या शेवटी एक वाक्य येतं: कसूर झाल्यास उरलेलं संपूर्ण कर्ज तात्काळ मागता येईल. आमच्या करारात पत्ता न कळवण्यासाठीही सुधारणेची मुदत नव्हती. आम्ही ती मागितली, पण छापील करार बदलता येत नाही असं उत्तर आलं. मग भाच्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: "घर किंवा नोकरी बदलली तर सात दिवसांत मेल." करार बदलत नसेल तर निदान सापळा माहीत असावा, एवढं आपल्या हातात असतं.

आता पैशाचा भाग. एक हप्ता चुकला तर दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक बाऊन्स शुल्क, दर वेळी ठरलेली रक्कम. दुसरं दंड-शुल्क, थकलेल्या रकमेवर दिवसांच्या हिशेबाने. आमच्याकडे ते वर्षाला 24 टक्के होतं. ऐकायला भयंकर, पण 10,253 चा हप्ता दहा दिवस थकला तर दंड होतो साधारण 67 रुपये. खरा फटका 500 रुपयांच्या बाऊन्स शुल्काचा आणि वर तुमची स्वतःची बँक घेते त्याचा. हप्ता पुन्हा कापायचा प्रयत्न झाला आणि तोही फसला, तर बाऊन्स शुल्क पुन्हा लागतं का, हे विचारून घ्या.

दंडाबाबत नियम असा आहे की तो शुल्क म्हणूनच लावायचा. व्याजदरात मिसळायचा नाही, आणि दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. नव्या कर्जांना हा नियम 1 एप्रिल 2024 पासून लागू आहे. करारात "थकल्यास व्याजदर अमुक टक्क्यांनी वाढेल" असं वाक्य दिसलं तर तो जुना मसुदा आहे. तसं लिहून कळवा.

नंतर पैसे भरताना एक चूक फार जण करतात. फक्त हप्ता भरतात आणि बाऊन्स शुल्क बाकी ठेवतात. बऱ्याच करारांत जमा झालेल्या पैशांतून आधी शुल्क, मग व्याज, मग मुद्दल असा क्रम असतो. म्हणजे तुम्ही पूर्ण हप्ता भरलात तरी हिशेबात तो पाचशेने अपुराच राहतो आणि थकबाकी चालू राहते. भरण्याआधी एकूण थकीत रक्कम विचारा.

दिवस कसे मोजतात तेही बघा. 5 एप्रिलचा हप्ता त्या दिवसाअखेर आला नाही तर त्याच दिवसापासून खातं थकीत धरतात. तसंच राहिलं तर 5 मे रोजी पुढची पायरी, 4 जूनला त्याच्या पुढची, आणि 4 जुलैला खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली थांबलेलं कर्ज, होतं. या उदाहरणासारखं स्पष्टीकरण करारातच द्यायचं असतं, म्हणून तेही शोधा. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून ते सुधारत नाही, सगळी थकबाकी चुकती करावी लागते.

आणि मुद्दाम मँडेट बाऊन्स होऊ देणं ही साधी बाब समजू नका. खात्यात पैसे नसल्यामुळे मँडेट परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली चेक बाऊन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो. बँकेशी वाद असेल तर तो लेखी तक्रारीने घाला, खातं रिकामं करून नव्हे.

5. लवकर फेडलं तर: टक्केवारीपेक्षा "कशावर" ते बघा

इथे दुसऱ्या टप्प्यातला स्थिर की बदलता हा प्रश्न परत येतो. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश आहेत. बदलत्या दराचं, धंद्यासाठी नसलेलं वैयक्तिक कर्ज असेल तर पूर्ण फेडा की थोडं, पैसे कुठूनही आणा, मुदतपूर्व फेडीचं शुल्क नाही. स्थिर दराच्या कर्जावर मात्र बँक आपल्या धोरणानुसार शुल्क घेऊ शकते, पण ते केएफएसमध्ये सांगितलेलं असलं पाहिजे आणि मुदत कर्जात ते जेवढी रक्कम लवकर फेडताय तेवढ्यावरच लागलं पाहिजे. बहुतेक पर्सनल लोन स्थिर दराची असतात, म्हणून हे शुल्क आपल्याला लागूच होणार असं धरून वाचा.

आमच्या कागदांत इथेच विसंगती सापडली. केएफएसमध्ये 4 टक्के होते, आणि कराराच्या शेड्यूलमध्ये "मंजूर रकमेच्या 4 टक्के, किंवा वेळोवेळी बँक ठरवेल तेवढे". हा फरक किती पैशांचा आहे ते भाच्याला करून दाखवलं. एखाद्या महिन्यानंतर किती मुद्दल उरेल हे स्प्रेडशीट सांगतं:

```
=FV(14%/12,12,10253,-300000)
```

बारा हप्त्यांनंतर शिल्लक सुमारे 2,13,550. त्यावर 4 टक्के आणि 18 टक्के जीएसटी मिळून शुल्क 10,080 रुपये. पुढच्या 24 हप्त्यांत जाणारं व्याज सुमारे 32,500. म्हणजे तेव्हा कर्ज बंद केलं तर साधारण 22,400 रुपये वाचतात.

चोवीस हप्त्यांनंतर शिल्लक 1,14,200 उरते, शुल्क 5,390, आणि उरलेलं व्याज 8,840. बचत घसरून साडेतीन हजारांवर येते. आणि शुल्क मंजूर रकमेवर, म्हणजे पूर्ण तीन लाखांवर लावलं असतं तर ते 14,160 झालं असतं. तेव्हा कर्ज लवकर बंद करणं म्हणजे पाच हजारांचा तोटा. टक्केवारी तीच, पण "कशावर" हा शब्द बदलला की सगळा हिशेब उलटतो.

आम्ही तीन ओळींचा मेल केला: केएफएसचा पान क्रमांक, शेड्यूलचा पान क्रमांक, आणि "यातलं कोणतं लागू?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की शुल्क फक्त उरलेल्या मुद्दलावर लागेल. सुधारलेलं शेड्यूलही आलं. तो मेल भाच्याने पीडीएफ करून कराराच्याच फोल्डरमध्ये ठेवला.

टक्क्यांखेरीज लॉक-इन किती महिन्यांचा आहे आणि थोडीथोडी रक्कम भरता येते का, हे बघा. आमच्याकडे पहिले बारा हप्ते भरून होईपर्यंत कर्ज बंद करायला मनाई होती आणि त्यानंतर वर्षातून एकदा शिलकीच्या पाव भागापर्यंत रक्कम भरायची मुभा. अशी रक्कम भरताना "मुदत कमी करा, हप्ता नको" असं लिहून द्या. व्याज जास्त वाचतं ते मुदत कमी केल्याने.

6. सगळं एका पानावर उतरवा

कोऱ्या कागदावर चार ओळी करा आणि प्रत्येकीपुढे आकडा, कागदाचं नाव आणि पान क्रमांक लिहा. ज्या ओळीपुढे दोन कागद दोन आकडे सांगत असतील, तिथे सही थांबवून मेल करा. फोनवरचं "सर, काळजी करू नका" हे उत्तर धरू नका. कर्ज ॲपवरून घेत असाल तर माघारीची मुदत, म्हणजे कूलिंग ऑफ, किती दिवसांची आहे तेही लिहा. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा एपीआरप्रमाणे खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मात्र केएफएसमध्ये आधी सांगितलं असेल तर प्रोसेसिंग फी ते ठेवून घेऊ शकतात.

मेलला उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आधी कर्ज देणाऱ्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याचा फोन आणि ईमेल केएफएसच्या दुसऱ्या भागात असतो. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य नोंदवता येते. तिथे पहिल्या तक्रारीची तारीख आणि प्रत मागतात, म्हणून ती पहिली तक्रार मेलवरच करा.